एक हेक्टर, एक मीटर आणि साडेचार लाखांचा अर्ज

एक हेक्टर जागेतून एक मीटर जाडीचा गाळ काढला, तर तिथे 10,000 घनमीटरची पोकळी तयार होते. एका घनमीटरमध्ये 1,000 लिटर पाणी मावतं. म्हणजे तलाव एकदा भरला की पूर्वी न मावणारं एक कोटी लिटर पाणी त्यात थांबतं. दहा हजार लिटरचे एक हजार टँकर! आणि हे सगळं गावाबाहेरच्या त्या तुकड्यात, जिथे उन्हाळ्यात पोरं क्रिकेट खेळतात.

गावातल्या एखाद्या संस्थेला या कामासाठी धर्मादाय प्रतिष्ठानाकडून पैसे हवे असतील, तर तिला अर्ज लिहावा लागतो. अर्ज म्हणजे रूक्ष कागदपत्र अशी आपली समजूत असते. पण गाळ काढण्याचा एक चांगला अर्ज बारकाईने वाचला की गरज, परिणाम आणि अंदाजपत्रक ही तीन प्रकरणं एकाच आकड्यातून उगवलेली दिसतात. वाचणारा अधिकारी कुठूनही सुरुवात करतो आणि आकड्यांच्या पायवाटेने दुसऱ्या टोकाला पोचतो. वाट मध्येच तुटली, की अर्ज तिथेच थांबतो.

महाराष्ट्रात बाहेरच्या पैशातून गाळ काढण्याचा नमुना चांगलाच रुळला आहे. 1972 च्या दुष्काळातल्या कामांतून आणि पुढे रोजगार हमीतून गावोगाव पाझर तलाव झाले, आणि पन्नास वर्षांत ते गाळाने भरत गेले. 2017 मध्ये राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. मुंबईच्या एटीई चंद्रा फाउंडेशनसारख्या देणगीदार संस्थाही या कामात उतरल्या. या नमुन्याचं सूत्र साधं आहे: गाळ उपसायचा खर्च बाहेरून यावा आणि तो शेतात वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याने करावा.

आता एक उदाहरण घेऊ. गाव कल्पनेतलं, हिशेब मात्र खरा. लोकसंख्या 1,200. तलावाच्या खालच्या अंगाला बारा विहिरी. तळातल्या एक हेक्टरमध्ये सरासरी एक मीटर गाळ.

गरज लिहिताना पहिली चूक इथेच होते. ‘आमच्या तलावात गाळ साचला आहे, तो काढण्यासाठी निधी नाही’ हे वाक्य शेकडो अर्जांत सापडेल. पण त्यात गरज नाही, उपायाचा अभाव तेवढा आहे. गाळ साचल्यामुळे कोणाचं काय अडतं, हे त्यातून कळत नाही. खरी गरज विहिरीत असते: बारापैकी नऊ विहिरी फेब्रुवारीअखेर तळ गाठतात, रब्बीचं शेवटचं पाणी चुकतं, मार्चपासून बायांना दुसऱ्या वस्तीवरून पाणी आणावं लागतं. हे लिहिलं की गाळ कारणाच्या जागी जातो आणि त्रास त्रासाच्या जागी. मग एक कोटी लिटरलाही अर्थ येतो. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी दिवसाला 55 लिटर धरले, तर गावाला रोज 66,000 लिटर पाणी लागतं. एक कोटी लिटर म्हणजे साधारण पाच महिन्यांचं घरगुती पाणी.

मात्र अर्जात ‘पाच महिन्यांची टंचाई दूर होईल’ असं लिहिलं, तर जाणकार वाचक तिथे लाल खूण करील, आणि ती योग्यच असेल. साठलेल्या पाण्यातलं बरंचसं उन्हाने उडून जातं. पाझरलेलं सगळंच पाणी गावच्या विहिरींना लागतं असंही नाही, काही खडकाच्या भेगांतून पुढे निघून जातं. म्हणून वचन द्यायचं ते साठ्याचं आणि मोजायचं ते विहिरीत.

या मोजण्यात मला सगळ्यात जास्त विस्मय वाटतो. विहिरीच्या काठावर रंगाचा एक ठिपका द्यायचा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, पहाटे मोटार सुरू व्हायच्या आधी त्या ठिपक्यापासून पाण्यापर्यंत टेप सोडायचा आणि आकडा वहीत लिहायचा. ठिपका अशासाठी की दर वेळी मोजणी त्याच जागेवरून व्हावी. पहाट अशासाठी की उपशाने खाली गेलेली पातळी रात्रभरात सावरलेली असते. दहावी झालेली पोरं हे काम उत्तम करतात.

पण पुढच्या वर्षी विहिरींना पाणी जास्त आलं, तर ते गाळ काढल्यामुळे की पाऊस बरा झाल्यामुळे? यावरची युक्ती फार सुंदर आहे. बारा विहिरींसोबत टेकाडापलीकडच्या चार विहिरीही मोजायच्या, ज्यांचा या तलावाशी संबंध नाही. समजा मार्चमध्ये पलीकडच्या विहिरींचं पाणी आदल्या वर्षीपेक्षा एक मीटर वर आहे आणि अलीकडच्यांचं अडीच मीटर. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला. मग तलावाच्या खात्यावर दीडच मीटर जमा करायचे. पलीकडचा शेतकरी लाभार्थी नाही, त्याला अनुदानातलं काही मिळणार नाही, तरी त्याच्या विहिरीवाचून खरं उत्तर मिळत नाही.

‘10,000 घनमीटर गाळ काढला’ हे झालेलं काम आणि ‘विहिरींना एप्रिलपर्यंत पाणी राहिलं’ हा झालेला बदल. दोन्ही वेगळे लिहायची शिस्त यूएसएड या अमेरिकी मदतसंस्थेसाठी 1969 मध्ये तयार झालेल्या एका तक्त्यातून जगभर पसरली. त्या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात गृहीतकं लिहितात, म्हणजे आपल्या हातात नसलेल्या गोष्टी. आपल्या अर्जात तिथे लिहायचं: ‘तलाव भरण्याइतका पाऊस पडेल.’ पाऊस पडला नाही तर विहिरी भरणार नाहीत, हे संस्था आधीच सांगते आणि प्रतिष्ठान ते मान्य करून पैसे देतं. दुष्काळी भागात काम करायचं तर हा रकाना रिकामा सोडता कामा नये.

आता पैसे. चांगलं पोकलेन मशीन तासाला साधारण 60 घनमीटर गाळ काढून ट्रॉलीत भरतं असं धरू. 10,000 घनमीटरला 170 तास लागतील. डिझेलसह तासाला 2,000 रुपये दर मिळाला, तर 3,40,000 रुपये. कामाआधीच्या आणि कामानंतरच्या मोजणीला 25,000. विहिरी मोजणाऱ्या मुलांना वर्षाचं मानधन 24,000. तीन महिने रोज तलावावर थांबणाऱ्या समन्वयकाला 45,000. माती परीक्षण, लेखापरीक्षण आणि नोंदवह्या यांना 16,000. बेरीज साडेचार लाख. प्रत्येक ओळीमागे ‘किती गुणिले कितीला’ हे दिसलं पाहिजे. ‘मशीन खर्च 3,50,000’ असा गोल आकडा एकटाच आला की अंदाज न घेता लिहिलंय हे लगेच कळतं. समन्वयकाचं मानधन लाजून गाळणाऱ्या संस्थाही पुष्कळ आहेत. तो माणूस नसला की मशीन कधी सुरू झालं आणि कधी बंद, हे सांगणारं कोणीच उरत नाही.

याच अंदाजपत्रकाच्या उजव्या रकान्यात गावाचा वाटा असतो. गाळ जमिनीत दबलेला असतो. खोदला की सुटा होऊन फुगतो, साधारण सव्वापट. म्हणजे खड्ड्यातले 10,000 घनमीटर ट्रॉल्यांत भरताना 12,500 होतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, 2.83 घनमीटर. हिशेब होतो 4,400 ब्रासचा. शेतापर्यंतच्या वाहतुकीला ब्रासला 150 रुपये धरले तर 6,60,000 रुपये, आणि ते शेतकऱ्यांच्या खिशातून. मागितलेल्या अनुदानापेक्षा गावच जास्त देतं! बहुतेक अर्जांत हा आकडा ‘लोकसहभाग राहील’ एवढ्या दोन शब्दांत संपतो. तो शेतकरीवार, खेपेवार, सहीनिशी वहीत उतरला की अर्जातला सगळ्यात बळकट पुरावा ठरतो.

शेतकरी एवढा खर्च का करतो, याचंही उत्तर भूमितीत आहे. एक हेक्टरवरचा मीटरभर थर दहा हेक्टर हलक्या, मुरमाड रानावर दहा सेंटिमीटर जाडीने पसरतो. जिथे बाजरी जेमतेम यायची, तिथे ओल धरणारी जमीन तयार होते. आधीच भारी काळी असलेल्या जमिनीत मात्र हाच चिकण गाळ पाणी तुंबवतो, म्हणून माती परीक्षणाची ओळ अंदाजपत्रकातून काटायची नसते.

फुगण्याच्या या सव्वापटीत एक सापळा आहे. काम संपल्यावर ट्रॉल्या मोजून ‘12,500 घनमीटर गाळ काढला, सव्वा कोटी लिटर साठा वाढला’ असा अहवाल जातो. कोणी मुद्दाम खोटं बोललेलं नसतं. पण पाणी खड्ड्यात साठतं, ट्रॉलीत नाही. म्हणूनच आधी आणि नंतर, वीस-वीस मीटरच्या चौकटी आखून तळाची पातळी घ्यावी लागते. त्या मोजणीतून दुसरीही गोष्ट कळते: मशीन गाळ संपल्यावर थांबलं की खालचा मुरूमही उचलू लागलं. मुरूम हे गौण खनिज आहे, ते काढण्याची परवानगी गाळाच्या परवानगीत येत नाही. बांधाच्या पायथ्याजवळही अभियंता आखून देईल तेवढं अंतर सोडावं लागतं.

वेळापत्रकाकडे पाहिलं की सगळं एकत्र जुळतं. तलाव कोरडा असतो तो एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, तेव्हाच खोदता येतं आणि तेव्हाच तळ मोजता येतो. म्हणून या मे महिन्यात मोजणी करायची, पावसाळ्यात ग्रामसभेचा ठराव आणि तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या खात्याची ना-हरकत मिळवायची, दिवाळीच्या आसपास अर्ज पाठवायचा. विश्वस्तांची बैठक, प्रत्यक्ष पाहणी, करार यांत मार्च उजाडतो. पैसे कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून येणार असतील, तर संस्थेची सीएसआर-1 नोंदणी याआधीच झालेली हवी. ही एवढी प्रतीक्षा कंटाळवाणी वाटते, पण तेवढ्यात विहिरींची जवळजवळ वर्षभराची ‘आधीची’ नोंद वहीत जमा होते. ती नंतर कितीही पैसे दिले तरी मिळत नाही.

प्रतिष्ठान शेवटी हमखास विचारतं: गाळ पुन्हा येईल, तेव्हा काय? पन्नास वर्षांत एक मीटर म्हणजे वर्षाला दोन सेंटिमीटर. ताजा खड्डा याहून लवकर भरू शकतो, म्हणून वरच्या ओढ्यांवर दगडी बांध आणि उतारावर गवत हे गावाने श्रमदानातून करायचं ठरवलं असेल, तर तो ठराव अर्जाला जोडावा. आणि अवकाळी पावसाने काम 8,500 घनमीटरवर थांबलं, तर अहवालात तेवढंच लिहून उरलेल्या 51,000 रुपयांचं काय करायचं, हे प्रतिष्ठानाला पत्राने विचारावं. प्रतिष्ठान ते पैसे परत मागतं किंवा पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवायला सांगतं.