पापुद्र्यांचं घनफळ

आमच्या घरी जेलीचा एक जुना साचा आहे. ताटलीत उलटा केला की जेलीला भोवती उंच, गोलसर कडं येतं आणि मधोमध थेट ताटलीपर्यंत उतरलेला खळगा. रुंदी 12 सेंटिमीटर, कड्याची उंची 8. यात जेली किती मावते? पाणी भरून मोजलं की काम झालं, हे मान्य. पण साचा अजून बनायचाच असेल आणि हातात फक्त कागदावरचा आराखडा असेल, तर?

आराखडा म्हणजे मधून उभ्या कापलेल्या जेलीची अर्धी बाजू. मधल्या अक्षापासूनचं अंतर x आणि तिथली उंची y धरली, तर या आकाराला y = x²(6 − x)/4 हा वक्र छान बसतो. x शून्य असताना उंची शून्य, 4 सेंटिमीटरवर ती 8 होते आणि 6 सेंटिमीटरला पुन्हा शून्य. वक्राखालचा हा तुकडा उभ्या अक्षाभोवती पूर्ण फिरवला की आपली जेली तयार.

पहिला विचार सुचतो तो आडव्या चकत्यांचा. काकडी कापावी तशी जेली कापायची आणि चकत्यांच्या घनफळांची बेरीज करायची. पण इथे प्रत्येक चकतीला मध्ये भोक आहे. ताटलीपासून 5 सेंटिमीटरवरची चकती घ्या. तिची आतली आणि बाहेरची त्रिज्या काढायला x²(6 − x) = 20 हे घनसमीकरण सोडवावं लागतं. उत्तरं सुमारे 2.3 आणि 5.3 अशी येतात, पण ती एका उंचीपुरतीच. दर उंचीला नवं समीकरण. वक्र सांगतो की अमुक अंतरावर उंची किती; आपण विचारतोय की अमुक उंचीवर अंतर किती. उलटा प्रश्न विचारला की त्रास होणारच.

मग सरळ प्रश्न विचारू. केळीचं खोड आडवं कापलेलं आठवा: एकात एक बसलेली सोपटं, मध्ये गाभा. कांद्याचे पापुद्रे सगळीकडून वळलेले असतात, म्हणून ती उपमा इथे नको. सोपटं उभी असतात. जेलीचेही तसेच एकात एक बसणारे उभे पापुद्रे करायचे, फक्त प्रत्येकाची उंची वेगळी. गणिताच्या पुस्तकांत याला शेल मेथड म्हणतात.

एक पापुद्रा बाहेर काढू. अक्षापासून 4 ते 5 सेंटिमीटरमधला, म्हणजे 1 सेंटिमीटर जाडीचा. मधोमध, 4.5 सेंटिमीटरवर, वक्राची उंची 7.6 येते. हे नळकांडं एका बाजूने उभं चिरा आणि टेबलावर पसरा. जाडसर आयताकृती पट्टी मिळेल: लांबी म्हणजे परीघ, 2π × 4.5, साधारण 28.3, उंची 7.6, जाडी 1. गुणाकार सुमारे 215 घन सेंटिमीटर.

इथे चोखंदळ वाचक हरकत घेईल. बाहेरचा परीघ आतल्यापेक्षा मोठा, मग पसरलेली पट्टी आयत कशी? हरकत रास्त आहे, पण मधली त्रिज्या घेतली की ती मिटते. सपाट माथ्याच्या नळकांड्याचा तळ बाहेरच्या वर्तुळातून आतलं वर्तुळ वजा करून मिळतो: π(25 − 16), म्हणजे 9π. मधल्या त्रिज्येने 2π × 4.5 × 1, तेही 9π. बाहेर जेवढं कमी धरलं, तेवढंच आत जास्त धरलं गेलं. खरी चूक फक्त माथा सपाट धरण्यात आहे, कारण खऱ्या पापुद्र्याचा माथा वक्राबरोबर उतरता असतो.

असेच सहा पापुद्रे काढले तर आतून बाहेर घनफळं येतात 1, 24, 86, 168, 215 आणि 131. बेरीज 625. अगदी मधल्या पापुद्र्यात जेमतेम चहाच्या लहान चमच्याचा काही भाग, आणि पाचव्यात एकूण जेलीचा तिसरा हिस्सा! मला यात सगळ्यात गंमत वाटते ती या पाचव्याची. जेली सर्वांत उंच आहे 4 सेंटिमीटरवर, पण घनफळाची सर्वाधिक भर पडते 4.5 वर. उंची ओसरायला लागली तरी परीघ वाढत असतो आणि थोडा वेळ तोच जिंकतो.

पापुद्रे अर्धा सेंटिमीटर जाडीचे केले की बेरीज 614 वर येते. जाडी शून्याकडे नेली की बेरजेचं संकलन होतं, ज्याला कॉलेजात सगळे इंटिग्रेशनच म्हणतात:

V = 2π ∫ x · y dx, x = 0 ते 6

आपल्या वक्रासाठी x · y म्हणजे (6x³ − x⁴)/4. हे संकलन दोन ओळींत सुटतं आणि 97.2 येतं, 2π ने गुणलं की 610.7. म्हणजे साच्यात 611 मिलिलिटर जेली. घनसमीकरण वाटेत कुठेही आलं नाही.

पापुद्रे पसरण्याची ही युक्ती कॅल्क्युलसपेक्षा जुनी आहे. 1613 साली ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरी राहणाऱ्या योहानेस केपलरने दुसरं लग्न केलं आणि घरात वाइनची पिंपं आणली. विक्रेता पिंपाच्या भोकातून एक काठी तिरकी आत घालायचा आणि ती किती भिजली यावरून वाइन किती ते सांगायचा. पिंपाचा आकार कसाही असो, काठी तीच! केपलरला हे पटेना. त्यातून 1615 साली पिंपांच्या घनफळावरचं त्याचं पुस्तक निघालं आणि पिंपांबरोबर त्यात सफरचंदही आलं. अर्ध्याहून मोठा वर्तुळखंड त्याच्या जीवेभोवती फिरवला की मिळणाऱ्या आकाराला त्याने ते नाव दिलं. या सफरचंदाचे त्याने उभे, गोल पापुद्रे कल्पिले आणि ते सरळ करून एकाशेजारी एक रचले. अक्षाजवळचे आखूड, बाहेरचे लांब. रचून झाली पाचर, तिरक्या कापलेल्या नळकांड्याच्या तुकड्यासारखी. तिचं घनफळ काढता आलं की सफरचंदाचं कळलं. न्यूटन आणि लायबनित्स तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

विद्यार्थ्यांची नेहमीची चूक म्हणजे x विसरणं. नुसत्या उंचीचं संकलन केलं तर आपल्या वक्रासाठी 27 येतं. पण हे चौरस सेंटिमीटर आहेत, कागदावरच्या तुकड्याचं क्षेत्रफळ. 2π ने गुणूनही ते चौरसच राहतात, म्हणून एककं लिहिली की चूक लगेच पकडली जाते. दुसरी चूक आराखडा दोन्ही बाजूंनी काढणाऱ्यांची: ते −6 ते 6 असं संकलन करतात. डावीकडे x ऋण होतो, दोन्ही बाजू एकमेकींना खातात आणि उत्तर शून्य येतं. ऋण चिन्ह पुसून टाकलं तर दुप्पट येतं, कारण अर्धी बाजू फिरवली की पूर्ण जेली आधीच झालेली असते. ही दुप्पट उघडी पाडायला जेली ज्यात बसेल ते सरळ नळकांडं पुरतं: π × 36 × 8, सुमारे 905. 1221 मिलिलिटर त्यात कुठून मावणार?

तिसरी चूक जास्त लपते. तोच तुकडा, पण अक्ष 2 सेंटिमीटर डावीकडे सरकवलेला. आता खळग्याच्या जागी आरपार भोक पडतं, 4 सेंटिमीटर रुंद. उंची अजून y च, पण त्रिज्या x नव्हे, x + 2. सूत्र पाठ केलेला x तसाच ठेवतो आणि त्याला पुन्हा 611 मिळतात. प्रत्येक पट्टी मात्र 4π ने लांब झालेली असते, म्हणून मघाच्या 27 ला 4π ने गुणून 339 ची भर घालायची: या साच्याला 950 मिलिलिटर जेली लागेल.