रक्तपेशीतली मोट

रक्तपेढीतल्या रक्ताच्या पिशवीवरचं लेबल नीट वाचलं, तर त्यावर पुष्कळदा ‘सीपीडीए’ अशी अक्षरं सापडतात. पिशवीत रक्त भरण्याआधी जे द्रावण घातलेलं असतं त्याचं हे नाव. सी म्हणजे सायट्रेट, ते रक्त गोठू देत नाही. पी म्हणजे फॉस्फेट. डी म्हणजे डेक्स्ट्रोज, आपलं ग्लुकोजच. आणि ए म्हणजे अ‍ॅडेनीन. ग्लुकोज हे पेशींचं खाणं, हे लगेच कळतं. पण खाणं दिल्यावर वर अ‍ॅडेनीन कशाला?

त्यासाठी तांबड्या रक्तपेशीच्या आत डोकवायला हवं. या पेशीत केंद्रक नाही आणि मायटोकाँड्रियाही नाहीत. सुमारे १२० दिवसांचं आयुष्य ती केवळ ग्लुकोज फोडून मिळणाऱ्या एटीपीवर काढते. अ‍ॅडेनीन हा त्या एटीपीच्या रेणूचाच एक तुकडा आहे. एटीपीला तीन फॉस्फेट गटांची शेपटी असते. शेवटचा गट सुटला की एडीपी उरतं.

आत आलेल्या ग्लुकोजला पेशी सर्वांत आधी एक फॉस्फेट चिकटवते. तयार होणाऱ्या ग्लुकोज-६-फॉस्फेटवर विद्युतभार असतो, त्यामुळे ते पेशीच्या पटलातून परत बाहेर जाऊ शकत नाही. पण हे चिकटवणं आपोआप घडणारं काम नाही. पेशीत ग्लुकोज साधारण ५ मिलिमोलर असतं आणि सुटं फॉस्फेट १.६५ मिलिमोलर. ही दोन्ही नुसती एकत्र ठेवली आणि समतोल येईपर्यंत थांबलो, तर ग्लुकोज-६-फॉस्फेट जेमतेम ०.००००३ मिलिमोलर तयार होईल. पेशीत ते प्रत्यक्षात ०.०८३ मिलिमोलर असतं, म्हणजे अडीच हजार पटींहून अधिक. हा चढ पेशी एटीपीच्या जोरावर चढते, एवढं पाठ्यपुस्तक सांगतं. तो जोर नेमका येतो कुठून आणि लागतो कसा, हे मात्र बहुतेकांच्या मनात चुकीचं बसलेलं असतं.

चूक जुनी आहे. एटीपी १९२९ साली सापडलं, जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि अमेरिकेत सायरस फिस्के व मूळचे आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना, स्वतंत्रपणे. पुढे १९४१ मध्ये फ्रिट्झ लिपमन यांनी त्यातल्या फॉस्फेटच्या बंधासाठी नागमोडी रेघेचं चिन्ह वापरलं आणि ‘ऊर्जासंपन्न बंध’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्यावरून असं वाटायला लागलं की बंधात ऊर्जा कोंडलेली आहे आणि बंध तुटला की ती फटाक्यासारखी बाहेर पडते. खरं तर कोणताही बंध तोडायला ऊर्जा द्यावीच लागते. एटीपीच्या शेपटीवर ऋण भार दाटीवाटीने बसलेले असतात आणि ते एकमेकांना ढकलतात. पाण्याच्या साहाय्याने शेवटचा फॉस्फेट वेगळा झाला की ही दाटी कमी होते, सुटलेलं फॉस्फेट अधिक स्थिर होतं आणि पाण्याचे रेणू दोन्ही तुकड्यांना नीट वेढतात. तोडायला लागलं त्यापेक्षा या स्थैर्यात जास्त मिळतं. ही मिळकत बंधाची नाही, सगळ्या घडामोडीची आहे.

आता समजा पेशीत एका कोपऱ्यात एटीपी पाण्याने फुटलं आणि दुसऱ्या कोपऱ्यात ग्लुकोज व फॉस्फेट एकमेकांशेजारी आले. काय होईल? काहीच नाही. पेशी किंचित तापेल, एवढंच. आपल्याकडे विहिरीवर मोट चालायची, ती आठवा. बैल धावेवरून उताराकडे जात आणि त्यांच्या ओढीने भरलेली मोट वर येई. पण बैलांच्या जुवापासून मोटेपर्यंत नाडा असायचा. नाडा सोडला तर बैल उतार उतरून जातील आणि मोट विहिरीतच राहील. उतार आहे म्हणून पाणी वर येत नाही. उतरणं आणि चढणं एकाच दोराला बांधलेलं असावं लागतं.

ग्लुकोजच्या बाबतीत हा नाडा म्हणजे हेक्झोकायनेज नावाचं एन्झाइम. त्याच्या खोबणीत ग्लुकोज बसलं की त्याचे दोन भाग जबड्यासारखे मिटतात आणि आतलं पाणी बाहेर पडतं. एटीपीचा शेवटचा फॉस्फेट मग पाण्याला मिळत नाही, तो थेट ग्लुकोजला दिला जातो. म्हणजे ‘एटीपी आधी फुटतं आणि त्या ऊर्जेतून ग्लुकोजला फॉस्फेट लागतो’ असे दोन टप्पे इथे नाहीतच. एकच अभिक्रिया आहे. दोन अभिक्रियांची बेरीज आपण कागदावर हिशेबासाठी करतो.

हे नुसतं म्हणणं नाही, तपासून पाहता येतं. झायलोज ही ग्लुकोजसारखीच साखर, पण तिच्यात फॉस्फेट जिथे चिकटायचा तो टोकाचा गटच नसतो. ती हेक्झोकायनेजला दिली की एन्झाइम तिच्याभोवती मिटतं, पण त्या गटाची जागा मोकळी राहते आणि तिथे पाणी बसू शकतं. मग एटीपीचा फॉस्फेट पाण्याला जातो. एटीपी खर्च होतं, हाती काही लागत नाही. बैल उतरले, मोट तिथेच. जोडणीचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. एटीपी पाण्यात फुटणं ऊर्जेच्या दृष्टीने इतकं सोपं, तर पाण्याने भरलेल्या पेशीत ते टिकतंच कसं? कारण उतार असला तरी उताराच्या तोंडाशी उंबरठा आहे. एन्झाइमच्या मदतीशिवाय एटीपी फार सावकाश फुटतं. ते वाट पाहत थांबतं, म्हणूनच त्याला कामाला जुंपता येतं.

आता हिशेब. पुस्तकात एटीपीच्या विघटनाची मुक्त ऊर्जा उणे ३०.५ किलोज्यूल प्रति मोल दिलेली असते आणि ग्लुकोजला फॉस्फेट लावण्याची अधिक १३.८. बेरीज उणे १६.७, म्हणून जोडलेली अभिक्रिया पुढे जाते. विद्यार्थी हे लिहितात, गुण मिळतात आणि ३०.५ हीच एटीपीची ताकद आहे असा समज कायमचा बसतो. मला हा समज घातक वाटतो.

या आकड्यांना प्रमाण मुक्त ऊर्जा म्हणतात. तापमान २५ अंश सेल्सिअस, पीएच ७ आणि एटीपी, एडीपी, फॉस्फेट असे बाकीचे सगळे विरघळलेले पदार्थ प्रत्येकी १ मोलर, अशा ठरवून दिलेल्या स्थितीतले हे आकडे. १ मोलर एटीपी म्हणजे एका लिटरमध्ये सुमारे अर्धा किलो. अशी पेशी जगात नाही. वेगवेगळ्या अभिक्रिया एकाच मापाने तोलता याव्यात यासाठी ही स्थिती मानलेली आहे. प्रत्यक्ष मुक्त ऊर्जा काढायची तर त्या क्षणी पदार्थ किती आहेत हे विचारावं लागतं:

ΔG = ΔG°′ + RT ln Q

Q म्हणजे अभिक्रियेतून निघालेल्या पदार्थांचं आणि सुरुवातीच्या पदार्थांचं त्या क्षणीचं गुणोत्तर. तांबड्या पेशीत एटीपी साधारण २.२५ मिलिमोलर, एडीपी ०.२५ आणि फॉस्फेट १.६५. हे आकडे मोलरमध्ये करून सूत्रात घातले की दुसरं पद उणे २१.३ येतं आणि एकूण उत्तर जवळपास उणे ५२. त्या २१.३ पैकी सुमारे १६ किलोज्यूल फॉस्फेट इतकं विरळ असल्यामुळे मिळतात, कारण एका रेणूतून दोन तुकडे होणं विरळ द्रावणात सोपं जातं. उरलेले साडेपाचच्या आसपास पेशीच्या कष्टाचे. एका एडीपीमागे नऊ एटीपी हे प्रमाण ती राखून असते.

समतोलात काय झालं असतं? तेवढ्याच फॉस्फेटमध्ये एका एटीपीमागे सुमारे १३ कोटी एडीपी असते आणि प्रत्यक्ष मुक्त ऊर्जा शून्य. प्रमाण मुक्त ऊर्जा तेव्हाही उणे ३०.५ च राहिली असती, कारण ती त्या अभिक्रियेसाठी ठरलेली संख्या आहे. पेशीची स्थिती या समतोलापासून सुमारे १०० कोटी पट दूर आहे. एटीपीचा जोर या अंतरात आहे.

ग्लुकोजचा हिशेब याच रीतीने पुन्हा मांडला तर फॉस्फेट लावण्याचा प्रत्यक्ष चढ १३.८ नसून १९.५ भरतो. एटीपीचा उतार ५२. जोडून उणे ३२, म्हणजे पुस्तकी आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. दोन्ही हिशेबांत दिशा तीच निघाली, म्हणून चूक इथे लपून राहते.

ती उघडी पडते पेशीच्या पटलावरच्या सोडियम-पोटॅशियम पंपात. हा पंप एक एटीपी खर्चून तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत ओढतो. इथे फॉस्फेट काही क्षण पंपाच्या प्रथिनालाच चिकटतो आणि त्याचा आकार पालटतो. नाडा वेगळा, तत्त्व तेच. तांबड्या पेशीच्या आतबाहेर सोडियम-पोटॅशियमची जी तफावत असते, तिच्याविरुद्ध एवढं काम करायला सुमारे ४० किलोज्यूल लागतात. ३०.५ हीच एटीपीची ताकद असती तर हा पंप कधी फिरलाच नसता. ५२ असल्यामुळे तो फिरतो आणि थोडं हाताशी उरतं.

ते उरलेलं फार नाही. समजा पेशीतलं जवळपास निम्मं एटीपी खर्च होऊन एटीपी आणि एडीपी सारखे झाले आणि फॉस्फेट ५ मिलिमोलरवर गेलं. एटीपी संपलेलं नाही, भरपूर आहे. पण उतार ५२ वरून ४४ वर आला आणि पंपाच्या गरजेला जेमतेम पुरतो. म्हणून पेशीची अवस्था कळायला नुसतं एटीपी मोजून भागत नाही, सोबत एडीपी आणि फॉस्फेटही मोजावे लागतात.

पिशवीतलं रक्त २ ते ६ अंशांत ठेवतात. त्या थंडीत पंप जवळजवळ थांबतो, पोटॅशियम झिरपत राहतं आणि बाहेरच्या द्रवात त्याचं प्रमाण दिवसागणिक वाढतं. नवजात बाळाला मोठ्या प्रमाणात रक्त द्यायचं असेल तर ताजी पिशवी मागतात, त्याचं हे एक कारण. दरम्यान साठवणीत पेशींतलं एटीपी हळूहळू घटतं, आणि ते नव्याने घडवायला अ‍ॅडेनीन लागतं. अ‍ॅडेनीन नसलेल्या जुन्या सीपीडी द्रावणात रक्त २१ दिवस ठेवता येई. अ‍ॅडेनीन घातल्यावर ती मुदत ३५ दिवसांची झाली.