क्रिएटिन आणि क्रिएटिनिन : नावांच्या साम्यातून होणारी गफलत

महापे येथील औद्योगिक वसाहतीतल्या कार्यालयात दिवसभर संगणकापुढे बसणारा आपला चिरंजीव आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटे व्यायामशाळेत जातो. वय शेहेचाळीस, आहार शाकाहारी. पोट कमी व्हावे आणि स्नायू वाढावेत, या हेतूने तो रोज पांढरी भुकटी पाण्यातून घेतो, असे समजा. महिन्याभराने त्याचे वजन किलोभर वाढते आणि रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.१ वरून १.३ वर गेलेले दिसते. घरात ‘मूत्रपिंडे बिघडली’ अशी धास्ती पसरते. ती कितपत खरी?

क्रिएटिन हा पदार्थ आपले शरीर स्वतः तयार करते, शिवाय तो मांस-मासळीतूनही मिळतो. म्हणूनच शाकाहारी व्यक्तीच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो. वजन उचलण्याच्या पहिल्या काही क्षणांत स्नायूंना लागणारी ऊर्जा तो भरून देतो, त्यामुळे एकदोन उचली अधिक होतात. मात्र तो चरबी जाळत नाही. व्यायाम मोजकाच असेल, तर दर काही आठवड्यांनी वजन थोडे वाढवत नेणे आणि आहारात पुरेशी प्रथिने असणे, हेच मुख्य होय. क्रिएटिन हा त्याला जोड देणारा घटक आहे. साधे क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज तीन ते पाच ग्रॅम पुरते आणि साठा तीन-चार आठवड्यांत भरतो.

वाढलेले किलोभर वजन बहुधा स्नायूंत साठलेल्या पाण्याचे असते. म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबू नये. दर पंधरा दिवसांनी सकाळी, उपाशीपोटी, नाभीच्या रेषेत कंबर मोजावी. कंबर घटत असेल आणि उचलले जाणारे वजन वाढत असेल, तर मार्ग योग्य आहे.

आता अहवालाकडे वळू. क्रिएटिनचे विघटन होऊन क्रिएटिनिन बनते. साठा वाढला की हा आकडाही किंचित वाढतो. मूत्रपिंडांची गाळणक्षमता याच आकड्यावरून काढली जात असल्याने तीही कागदावर घटलेली दिसते. तपासणीच्या आदल्या दिवशी केलेला जोरदार व्यायामही आकडा वाढवतो. म्हणून भुकटीची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. शंका उरल्यास ते सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी आणि लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी सुचवू शकतात. सिस्टॅटिन-सीवर क्रिएटिनचा असा परिणाम होत नाही.

तथापि प्रत्येक वाढ निरुपद्रवी मानू नये. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असल्यास डॉक्टरांच्या संमतीवाचून भुकटी सुरूच करू नये. पायांना सूज आली, लघवीला सतत फेस येऊ लागला किंवा आकडा वाढतच राहिला, तर भुकटी थांबवून तत्काळ डॉक्टरांना गाठावे. आणि चिरंजीवांचा डबा घरात आहे म्हणून वडीलधाऱ्यांनी त्यातला चमचा परस्पर घेऊ नये. आपली औषधे आणि आपली मूत्रपिंडे यांचा विचार आधी डॉक्टरांनी करायला हवा.