रव्याचे लाडू अरबीत वळताना

रव्याच्या लाडवाची चिठ्ठी अरबीत नेणे वरवर सोपे वाटते. बसबूसा करणाऱ्या अरबी घरात रवा, तूप, साखर, खोबरे सगळे असतेच. रव्याला तिथे ‘समीद’ म्हणतात, तुपाला ‘समन’. वेलदोड्याला आखातात ‘हेल’, तर इजिप्तमध्ये ‘हबहान’. बारीक रव्यासाठी ‘समीद नाइम’ एवढे लिहिले की दुकानदार बरोबर पुडा देतो. खरी अडचण पुढे येते, मापांत आणि क्रियापदांत.

जुन्या हातची एक चिठ्ठी नमुन्याला घेऊ: बारीक रवा २ वाट्या, साखर १॥ वाटी, ओलं खोबरं १ वाटी, तूप ३ पळ्या, वेलदोड्याची पूड ०॥ चमचा. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आजच्या नातवंडांनाही हे चटकन उमगत नाही. अरबी वाचकाचा गोंधळ तर आणखी वेगळा, कारण अरब देशांत बऱ्याच ठिकाणी चालणाऱ्या आकड्यांत एक हा उभ्या रेघेसारखा आणि पाच हा गोल असतो. शून्य म्हणजे नुसता ठिपका. ‘०॥’ जसेच्या तसे उतरवले तर अर्ध्या चमच्याचे पाचशे अकरा चमचे वाचले जातील! म्हणून अपूर्णांक आधी अक्षरांत लिहावेत: अर्ध्याला ‘निस्फ’, पावाला ‘रुब्अ’.

मग वाटी. अरबी पाककृतींत ‘कूब’ हे माप सर्रास असते आणि ते साधारण 240 मिलिलिटरचे धरतात. घरातली वाटी त्याहून बरीच लहान असू शकते. ती हाताशी असेल तर पाण्याने काठोकाठ भरून पाण्याचे वजन करावे. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. समजा 150 भरले. मग दोन वाट्या रवा म्हणजे सव्वा कूब, आणि दीड वाटी साखर म्हणजे एका कुपाला थोडी कमी. सगळीच मापे वाटीत असती तर वाटीच्या जागी कूब घालूनही प्रमाण टिकले असते, लाडू फक्त जास्त झाले असते. पण तूप पळीत मोजलेले आहे. कुपामुळे रवा दीडपटीहून अधिक वाढेल, तूप तेवढेच राहील आणि लाडू कोरडे होऊन फुटतील. पळीलाही मोठा चमचा समजू नये. ती खोलगट असते, तीही पाण्यानेच मापावी. पळी हरवली असेल तर दोन वाट्या रव्याला अर्धी वाटी तूप हा अंदाज चालतो.

‘रवा मंद आचेवर गुलाबी भाजावा’ या एका ओळीत दोन खड्डे आहेत. ‘भाजणे’साठी कोशातून ‘शवा’ उचलले, तर ते मांस निखाऱ्यावर भाजणे होते. कॉफी किंवा पीठ कोरडे किंवा तुपावर भाजायचे असेल तर शब्द ‘हम्मस’, आणि सतत परतण्यासाठी ‘तक्लीब’ जोडावे लागते. ‘गुलाबी’चे ‘वर्दी’ केले तर वाचणारी खाण्याचा रंग शोधायला उठेल. ‘झहबी फातिह’, म्हणजे फिकट सोनेरी, हेच बरोबर. ‘खमंग’ला एका शब्दात पकडायचा हट्ट नको. ‘सुवास दरवळेपर्यंत’ या अर्थाची ‘हत्ता तफूह राइहतुह’ ही ओळ अरबी पाककृतींच्या रोजच्या वापरातली आहे.

खोबऱ्यापाशी थांबावे लागते. तिथल्या बाजारात ‘जौझ हिंद मब्शूर’ मागितले की बहुधा वाळलेला कीस मिळतो. तो पाकातले पाणी पिऊन टाकतो, लाडू जास्त टिकतात पण घट्ट होतात. ओला नारळ हवा तर ‘ताझज’, म्हणजे ताजा, हे लिहायलाच हवे.

‘साखर बुडेल एवढे पाणी’ मात्र सहज पलीकडे जाते. पाण्याने झाकण्यासाठी अरबीत ‘यग्मुर’ आहे. ‘एकतारी’ला खूण द्यावी: थेंब दोन बोटांत धरून ओढला की एकच तार निघते, लगेच तुटत नाही. तार न आल्यास मिश्रण बांधले जात नाही. पाक पुढे गेल्यास लाडू दगडासारखे होतात.

शेवटी चिठ्ठी म्हणते, ‘झाकून मुरू द्यावे, आळले की वळावे.’ लोणच्याच्या मुरण्याचा अरबी शब्द इथे कामाचा नाही. रवा पाक शोषतो, त्याला ‘यतशर्रब’ म्हणतात. बसबूशाच्या पाकालाही हेच क्रियापद लागते. आळण्यासाठी ‘यतमासक’, म्हणजे एकजीव होऊन धरून राहतो. ‘गोठतो’ लिहिले तर भांडे थेट फ्रीजमध्ये जाईल. ‘वळणे’ म्हणजे पिळणे नव्हे, गोळे करणे, म्हणून ‘कुरात’ हा शब्द हवा. आणि चिठ्ठीत नसलेली एक ओळ अनुवादकाने कंसात घालावी: मिश्रण कोरडे पडले तर कोमट दुधाचा हात लावावा, पण मग लाडू दोन-तीन दिवसांत संपवावेत.