बाळंतपणाच्या रजेचा पगार कमी आला तर एचआरला काय लिहायचं?

बाळंतपणाची रजा संपवून कामावर हजर झाल्यावर अनेकींच्या लक्षात येतं की रजेच्या महिन्यांत खात्यात नेहमीपेक्षा कमी पगार जमा झाला आहे. एचआरला विचारलं की उत्तर मिळतं, 'रजेत भत्ते देत नाही, कंपनीची पॉलिसीच तशी आहे.' बहुतेक जणी तिथेच गप्प बसतात. पण हा पगार किती असावा हे कंपनीने नव्हे, कायद्याने ठरवलेलं आहे. नेमणूकपत्रात त्याहून कमी रक्कम लिहिलेली असली तरी ती अट टिकत नाही.

पुण्यातल्या एका खासगी कंपनीत काम करणाऱ्या बाईंचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते मांडले आहेत. त्यांचा मूळ पगार २४,००० रुपये, घरभाडे भत्ता ९,६०० आणि विशेष भत्ता ६,४००. म्हणजे महिन्याला ४०,००० रुपये. त्याशिवाय कामाच्या प्रमाणात इन्सेन्टिव्ह. पहिलं बाळंतपण असल्याने २६ आठवड्यांची रजा मिळाली: १ एप्रिल ते २९ सप्टेंबर २०२४. या काळात कंपनीने दरमहा फक्त मूळ पगार आणि घरभाडे भत्ता, म्हणजे ३३,६०० रुपये दिले.

प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ च्या कलम ५ नुसार रजेचा दर ठरतो तो रजेआधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांच्या सरासरी रोजच्या वेतनावरून. या 'वेतना'त रोखीने मिळणारे सगळे भत्ते येतात आणि इन्सेन्टिव्हही येतो. ओव्हरटाइम, वार्षिक बोनस, कंपनीने भरलेला भविष्यनिर्वाह निधीचा वाटा आणि ग्रॅच्युइटी मात्र येत नाही. बाईंच्या जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या पगारपत्रकांत ४०,००० प्रमाणे १,२०,००० रुपये आहेत, आणि इन्सेन्टिव्ह ५,०००, ३,००० व ४,००० मिळून १२,०००. एकूण १,३२,०००. या तीन महिन्यांचे दिवस ९१ आणि रजेचे दिवस १८२, म्हणजे बरोबर दुप्पट. म्हणून देय रक्कम २,६४,००० रुपये. मिळाले २,०१,६००. बाकी राहिले ६२,४००.

काही ठिकाणी रविवार वगळून हिशेब केला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच बी. शहा खटल्यात सांगितलं आहे की प्रसूती लाभ आठवड्याच्या सातही दिवसांचा द्यायचा असतो.

पत्रात कंपनीने किती त्रास दिला याचं वर्णन नको. पगाराचा हिशेब पाहणारा माणूस आकडे तपासतो, म्हणून आकडेच द्यावेत. मजकूर असा असू शकतो:

'माननीय व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग यांस. मी १ एप्रिल ते २९ सप्टेंबर २०२४ या काळात प्रसूती रजेवर होते आणि ३० सप्टेंबरला कामावर हजर झाले. रजेच्या काळात मला २,०१,६०० रुपये मिळाले. जानेवारी ते मार्च २०२४ च्या वेतनानुसार प्रसूती लाभ अधिनियम, १९६१, कलम ५ प्रमाणे ही रक्कम २,६४,००० रुपये होते. विशेष भत्ता आणि इन्सेन्टिव्ह हिशेबात धरलेला दिसत नाही. फरकाचे ६२,४०० रुपये, तसेच कंपनीने प्रसूतीपूर्व व नंतरची मोफत वैद्यकीय सेवा दिलेली नसल्याने कलम ८ नुसार ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस, असे एकूण ६५,९०० रुपये द्यावेत. रक्कम मान्य नसल्यास आपला हिशेब लेखी कळवावा.'

शेवटचं वाक्य सर्वांत कामाचं आहे. तोंडी 'पॉलिसी' म्हणणं सोपं असतं. कुठला भत्ता कशाच्या आधारे वगळला हे कागदावर लिहायची वेळ आली की पुष्कळदा चूक तिथेच सापडते. सोबत तीन महिन्यांची पगारपत्रकं, रजेतली पगारपत्रकं आणि बाळाच्या जन्माचा दाखला जोडावा. पत्र ईमेलने पाठवावं किंवा प्रतीवर पोच घ्यावी.

पत्राआधी दोन गोष्टी तपासाव्यात. पगारातून ईएसआयची कपात होत असेल तर हा लाभ कंपनी देत नाही, कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं. दावाही तिथेच करायचा. दुसरी गोष्ट तारखेची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे. तिच्यात वेतनाची व्याख्या बदलली असून घरभाड्यासारखे भत्ते बाहेर ठेवले आहेत, मात्र असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे त्यानंतरच्या रजेसाठी वरचा हिशेब जसाच्या तसा उतरवून चालणार नाही.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर या कायद्याखाली नेमलेल्या निरीक्षकाकडे तक्रार करता येते. कलम १७ नुसार तो चौकशी करून रक्कम देण्याचा आदेश देऊ शकतो. त्या तक्रारीला एचआरला लिहिलेलं हेच पत्र आणि त्याची पोच जोडायची.