खड्यामागची सावली

सोनोग्राफीला उपाशीपोटी बोलावतात, तरी पुष्कळजण चहा-बिस्किटं खाऊन येतात. पोटात काही गेलं की पित्ताशय आकसतं आणि आतलं पित्त आतड्यात सोडतं. मग खडा शोधायला आत जागाच उरत नाही आणि आकसलेली भिंत उगाच जाड दिसते. सहा-आठ तासांचा उपास सांगतात तो यासाठी.

समजा, चाळिशीतल्या एका बाईंना रात्रीच्या जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, पाठीत जाते आणि पहाटेपर्यंत राहते. पडद्यावर यकृताखाली त्यांचं पित्ताशय काळं दिसतं, कारण पित्तातून ध्वनिलहरी जवळजवळ अडथळ्याविना पार होतात. त्या काळ्यात एक पांढरा ठिपका चमकतो. तो खडाच आहे हे ठरतं त्याच्या मागच्या काळ्या पट्ट्यावरून. लहरी खड्यावर आपटून परततात किंवा त्यातच विरतात, पलीकडे पोचत नाहीत. हीच ‘अकूस्टिक शॅडो’, म्हणजे खड्याची सावली. बाईंना डाव्या कुशीवर वळवलं की सुटा खडा घरंगळतो. पॉलिप भिंतीला चिकटून जागीच राहतो आणि त्याची सावलीही पडत नाही. पित्ताचा गाळ हलतो, पण सावलीविना.

सावली फसवतेही. दोन-तीन मिलिमीटरच्या खड्याची ती कधी पडतच नाही. ध्वनिलहरींचा झोत नेमका त्याच खोलीवर आणावा लागतो. उलट, शेजारच्या आतड्यातल्या वायूचीही सावली पडते, फक्त ती मळकट आणि धूसर असते. पित्ताशय खड्यांनी गच्च भरलं असेल, तर काळं पित्त दिसतच नाही. भिंतीची रेघ, खड्यांची चमकती रेघ आणि मागे सावली, एवढंच उरतं. घाईत तपासणाऱ्याला तो वायू वाटू शकतो.

आता भिंत. ती यकृताकडच्या बाजूला मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. या बाईंची पाच भरली, खडा पित्ताशयाच्या मानेत अडकून बसला होता, कूस बदलूनही हलला नाही आणि प्रोब नेमका पित्ताशयावर दाबताच त्या कळवळल्या. हे सगळं एकत्र आलं म्हणून पित्ताशयाला तीव्र सूज असल्याचं निदान पक्कं झालं. (आधी वेदनाशामक इंजेक्शन घेतलं असेल, तर ही दाबण्याची खूण हुकू शकते. घेतलं असल्यास तपासणाऱ्याला सांगावं.)

नुसत्या जाड भिंतीला मात्र माझ्या मते फार भाव देऊ नये. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो आणि खडा नसतानाही भिंत चांगलीच फुगते. काविळीत, यकृत किंवा हृदय थकलं असतानाही असं होतं. डेंग्यूतली ही सूज बहुधा ताप ओसरल्यावर आपोआप उतरते. म्हणून तापात काढलेल्या सोनोग्राफीच्या अहवालात केवळ ‘भिंत जाड’ असं आलं, तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना विचारा: खडा दिसला का, आणि दाबल्यावर नेमकं तिथेच दुखलं का?