वजनकाट्याची परीक्षा

घरातल्या डिजिटल वजनकाट्यावर उभं राहिलं की 68.4 असा आकडा येतो. खात्री करायला उतरून पुन्हा चढावं, तर पुन्हा 68.4. तिसऱ्यांदाही तेच. मग काटा चोख असल्याबद्दल घरात कुणाला शंका उरत नाही. पण या तीन आकड्यांनी काट्याच्या खरेपणाबद्दल जवळपास काहीच सिद्ध झालेलं नसतं. काटा किती बारीक फरक दाखवतो, तेच वजन पुन्हा ठेवल्यावर तोच आकडा देतो का आणि तो आकडा खरा आहे का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर पडद्यावर दिसतं. उरलेल्या दोहोंसाठी काट्याची परीक्षा घ्यावी लागते, आणि ती घरच्या घरी घेता येते.

आधी काट्याच्या पोटात काय चालतं ते पाहू. काचेच्या फळीखाली चार पाय असतात आणि प्रत्येक पायात धातूची एक छोटी पट्टी असते. तिला लोडसेल म्हणतात. या पट्टीवर अतिशय पातळ तारेची जाळी चिकटवलेली असते. वजन पडलं की पट्टी डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते, जाळी ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध किंचित बदलतो. चारही पायांमधला हा बदल एकत्र करून एक चिप त्याचा आकडा बनवते. त्यातून रिकाम्या काट्याचा आकडा वजा होतो, उरलेल्याला कारखान्यात ठरवलेल्या गुणकाने गुणलं जातं आणि उत्तर किलोमध्ये पडद्यावर येतं. यावरून चुकीच्या दोन जागा लक्षात येतात. रिकाम्या काट्याचा आकडा, म्हणजे शून्य, चुकलेलं असेल तर प्रत्येक वजनात सारखीच भर किंवा तूट पडते. गुणक चुकलेला असेल तर वजन वाढेल तशी चूकही वाढत जाते.

पडद्यावरचा शेवटचा अंक हे काट्याचं लघुतम माप. बहुतेक काट्यांवर ते 100 ग्रॅम असतं, काहींवर 50. पण 50 ग्रॅमचे टप्पे दाखवणारा काटा अर्धा किलो चुकीचा असू शकतो. बारीक टप्पे दाखवणं म्हणजे फक्त जास्त अंक छापणं. ते अंक खरे असण्याची हमी त्यात नसते.

आता त्या तीनदा आलेल्या 68.4 कडे वळू. अनेक घरगुती काटे आधीचं वजन लक्षात ठेवतात. नवं वजन जुन्याच्या अगदी जवळ आलं, तर ते नवा आकडा न देता जुनाच पुन्हा दाखवतात. लागोपाठ दोनदा चढल्यावर 68.4 आणि 68.6 आले तर ग्राहक काटा परत करायला निघेल, म्हणून ही सोय. तुमच्या काट्यात ती आहे का, हे ओळखायला चहाचं 250 ग्रॅमचं न फोडलेलं पाकीट पुरतं. आधी नुसते उभे राहा, आकडा टिपून घ्या. उतरा, काटा बंद होऊ द्या, मग पाकीट खिशात घालून पुन्हा चढा. आकडा दोन-तीन दशांशांनी वाढला तर ठीक. तो जसाच्या तसा राहिला, तर काटा बहुधा आठवणीतून बोलतो आहे. मग पाकिटाऐवजी अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी घेऊन पाहा. दूध पाण्यापेक्षा थोडं जड असल्याने तिच्यातलं दूध सुमारे 515 ग्रॅम भरतं.

ही आठवण मोडायची असेल तर मध्ये काहीतरी फार वेगळं वजन ठेवायचं. स्वतःचं वजन, मग दहा किलोची कणकेची पिशवी, पुन्हा स्वतःचं, पुन्हा पिशवी, असं पाच वेळा करा. आता स्वतःच्या वजनाचे जे पाच आकडे मिळतील त्यांत 68.3 ते 68.6 असा पसारा दिसला, तर काट्याचं खरं सातत्य तेवढंच. त्याहून लहान फरकाला अर्थ देऊ नये.

सातत्य कळलं तरी खरेपणा कळत नाही. त्यासाठी माहीत असलेलं वजन लागतं, आणि घरात आपण ज्याला माहीत वजन समजतो त्यातलं बरंचसं ढोबळ असतं. कणकेच्या दहा किलोच्या पिशवीत कायद्याने 150 ग्रॅमपर्यंत फरक चालतो, शिवाय पिशवीचं वजन वेगळं. व्यायामशाळेतल्या साध्या लोखंडी प्लेटांवर कोरलेला आकडाही काटेकोर मानू नये. पाणी बरं, पण भांड्याची खूण खरी असेल आणि भांड्याचं वजन माहीत असेल तरच. त्यातही आपल्याकडच्या हवेत 20 लिटर पाणी 20 किलोपेक्षा साठ-सत्तर ग्रॅम कमी भरतं. गॅसचा सीलबंद सिलिंडर मात्र झटपट तपासणीला चांगला. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या वरच्या कड्याजवळ लिहिलेलं असतं. ते 15.9 किलो असेल, तर त्यात 14.2 मिळवून 30.1 किलो भरायला हवेत. गॅसच्या वजनातही 150 ग्रॅमची सूट असते, म्हणून यातून बारीक चूक कळणार नाही. पण काटा किलोभर चुकत असेल तर तो इथेच उघडा पडेल.

सगळ्यात भरवशाचा मार्ग किराणा दुकानातून जातो. दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैध मापन खात्याकडून दरवर्षी पडताळणी व्हावी लागते आणि त्यावर मोहोर असते. तो पाच-दहा ग्रॅमचे फरक पकडतो. आपला काटा 100 ग्रॅमचा असल्याने त्याच्या परीक्षेला हा परीक्षक पुरेसा आहे. बहुतेक दुकानी काटे 20 किंवा 30 किलोपर्यंत तोलतात. दोन मजबूत पिशव्यांमध्ये तांदूळ, वाळू किंवा जुनी मासिकं भरायची आणि पिशवीसकट प्रत्येकी बरोबर 20 किलो करून आणायची. दुकानदाराकडे मोहोर असलेली 20 किलोची लोखंडी वजनं असतील तर तीही चालतील. त्यांच्यातली चूक काही ग्रॅमांचीच असते. फक्त लोखंड काचेवर थेट ठेवू नये. खाली फळी ठेवावी आणि फळीचं वजन हिशेबात धरावं.

एका घरातला हिशेब मांडून पाहू. काटा कडक, सपाट फरशीवर ठेवला. पायाने दाबून चालू केला, 0.0 आल्यावर बंद होऊ दिला. हे करायचं कारण असं की काटा पलंगाखालून ओढला किंवा भिंतीला उभा करून ठेवला की त्याने लक्षात ठेवलेलं शून्य बिघडतं. मग एक पिशवी ठेवली, आकडा आला 20.2. दोन्ही ठेवल्या, 40.4. घरातला माणूस नुसता उभा राहिला, 68.4. तोच माणूस एक पिशवी पाठीवर घेऊन उभा राहिला, 88.6.

यातला शेवटचा फरक सर्वात मोलाचा. माणसाचं खरं वजन अजून कुणालाच माहीत नाही, पण त्यावर 20 किलो चढल्यावर काटा 20.2 किलो चढला. म्हणजे ज्या टप्प्यात आपण काटा खरोखर वापरतो त्या टप्प्यातही तो दर वीस किलोमागे 200 ग्रॅम जास्त दाखवतो. एकट्या पिशवीला 200 ग्रॅम, दोहोंना 400. चूक वजनाबरोबर वाढते आहे, तेव्हा दोष गुणकात आहे आणि तो एक टक्क्याचा आहे. 68.4 ला 1.01 ने भागलं की 67.7 येतात. हे त्या माणसाचं वजन. इथे 20 किलोच्या आकड्यापेक्षा 40 किलोच्या आकड्यावर जास्त भिस्त ठेवायची, कारण पडद्यावरच्या 20.2 चा अर्थ 20.15 ते 20.25 यांमधलं काहीही असा होतो. वजन जितकं मोठं तितका हा संदेह हिशेबात कमी वाटा घेतो.

त्याच घरातल्या जुन्या स्प्रिंगच्या काट्याने एका पिशवीला 21, दोहोंना 41 आणि माणसाला 69 दाखवले असते तर निदान वेगळं झालं असतं. तिथे प्रत्येक वीस किलोला वीसच वाढतात, चूक सगळीकडे एका किलोची आहे. दोष शून्याचा आहे आणि तो बाजूचं चाक फिरवून जातो. तिसरी शक्यता त्रासाची. पिशव्या बरोबर 20 आणि 40 दाखवतात, पण माणसाने पिशवी उचलल्यावर 19.3 च वाढतात. म्हणजे जड वजनाखाली काटा वेगळा वागतो. अशा काट्याला कुठलीही एक दुरुस्ती लागू पडत नाही.

तरी त्याला बाद ठरवण्याआधी खालची जमीन पाहावी. सतरंजीवर किंवा गालिच्यावर पाय रुततात, जड वजनाला काट्याचं पोट जमिनीला टेकतं आणि काही भार पायांना टाळून थेट खाली जातो. आपल्या न्हाणीघराची फरशी मोरीकडे उतरती असते, तीही नको. फरशांच्या सांध्यावर एक पाय अधांतरी राहतो. काट्याच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने बोटाने दाबावं. डगमगला तर जागा बदलावी. नंतर 20 किलोची पिशवी चारही कोपऱ्यांवर एकेकदा ठेवून पाहावी. तीन कोपरे 20.2 आणि चौथा 19.6 म्हणत असेल, तर त्या पायात केर अडकला आहे किंवा लोडसेल गेला आहे. पिशवीची कड लोंबून जमिनीला टेकत नाही, एवढं मात्र बघावं.

लोडसेल भार मोजतो आणि त्याचं किलोत रूपांतर करताना ठरावीक गुरुत्वाकर्षण गृहीत धरलेलं असतं. लंडनचं गुरुत्वाकर्षण मुंबईपेक्षा साधारण पाव टक्क्याने जास्त आहे. तिथे चोख केलेला काटा नातेवाइकांनी मुंबईत आणला, तर 70 किलोच्या माणसाला तो सुमारे 190 ग्रॅम कमी दाखवेल. वरची तपासणी आपल्या गावात केली की हा फरकही आपोआप धरला जातो.

बहुतेक डिजिटल काट्यांचा गुणक घरी बदलण्याची सोय नसते. तो खटाटोप करूही नये. काट्याच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवावी: 70 च्या आसपास 0.7 वजा, आणि तपासणीची तारीख. काटा पडला, घर बदललं किंवा एखाद्या दिवशी आकडा उगाच उडी मारू लागला, तर आधी सेल बदलावेत आणि मग परीक्षा पुन्हा घ्यावी.

कुठली चूक सोसायची हे वापरावर ठरतं. हृदयविकारामुळे अंगात पाणी साठणाऱ्या रुग्णाला डॉक्टर अनेकदा सांगतात की तीन दिवसांत दोन किलो वाढले तर कळवा. या रुग्णाच्या काट्यातली एक टक्क्याची चूक निरुपद्रवी आहे. दोन किलोंच्या फरकात ती 20 ग्रॅमच होते. मात्र काटा सतत तोच असायला हवा, जागा तीच आणि वेळ सकाळची, शौचानंतरची व न्याहारीपूर्वीची. याउलट मुलाच्या औषधाची मात्रा वजनावरून ठरणार असेल तर खरा आकडा हवा. तो दवाखान्याच्या तपासलेल्या काट्यावर घ्यावा. आणि आठवणीतून बोलणारा काटा रोजचा फरक पाहायला सर्वात वाईट, कारण हळूहळू होणारी वाढ तो दिवसेंदिवस गिळून टाकू शकतो. रोज वजन टिपायचं असेल तर काटा विकत घेतानाच खिशात चहाचं पाकीट असावं.